ॲडकार कुठे अडकलाय, ते वॉर्डात येऊन बघा

नाईट करून, सकाळच्या सिस्टरना साडेसातची ओव्हर साडेआठला देऊन मेट्रन ऑफिसात सही करायला गेले, तर हातात मेमो. परवाच्या नाईटचा. 'बेड १७, सकाळचा इन्सुलिनचा डोस दिल्याची नोंद नाही. खुलासा करावा.' खाली शेरा : नवीन प्रणालीस असहकार. प्रणाली म्हणजे पेशंटच्या सगळ्या नोंदी आता कॉम्प्युटरवर भरायच्या. चौदा वर्षं वॉर्डात उभं राहून पाय सुजवून घेतले आणि मी असहकार करते! डोकं जे सणकलं ते कल्याण येईपर्यंत शांत झालं नाही.

मागच्याच महिन्यात एचआरच्या बाईंनी आम्हाला एसी हॉलमध्ये बसवून ॲडकार शिकवलं होतं. जेफ हायट नावाच्या माणसाने मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत. बदल कशासाठी ते कळलं पाहिजे, ती अवेअरनेस. तो हवासा वाटला पाहिजे, ती डिझायर. कसा करायचा हे माहीत पाहिजे, ते नॉलेज. प्रत्यक्ष कामात जमला पाहिजे, ती ॲबिलिटी. आणि जमलेलं टिकवायला मागून बळ पाहिजे, ते रिइन्फोर्समेंट. प्रत्येक पायरीला एक ते पाच मार्क द्यायचे आणि ओळीने बघत जायचं. जिथे पहिल्यांदा तीन किंवा त्याहून कमी मार्क पडतील, तिथे माणूस अडकलाय. आधी ती गाठ सोडवायची, पुढच्या पायऱ्यांवर कितीही जोर लावला तरी फुकट.

पद्धत चांगली आहे हो. खरंच. पण शिकवून झाल्यावर त्याच बाईंनी पुढची स्लाईड लावली : 'नर्सिंग स्टाफमध्ये डिझायर कमी.' एकीलाही न विचारता! आणि त्यावर उपाय म्हणून एक भाषण आणि समोसा.

आता मी माझे मार्क देते. अवेअरनेस पाच. डॉक्टरांच्या अक्षरातला १ आहे की ७, यावरून रात्री तीनला फोन आम्हीच करतो, हरवलेल्या फाईलसाठी बोलणी आम्हीच खातो. कॉम्प्युटर कशाला हवा हे आम्हाला कोणी सांगायला नको. डिझायर चार. नॉलेज चार, कारण दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये खोट्या पेशंटवर मी सगळं करून दाखवलं होतं. ॲबिलिटी? एक. तोही उदार मनाने.

का, ते ऐका. वॉर्डात ३२ बेड, नाईटला आम्ही तिघी. कॉम्प्युटर दोन, त्यातला एक फार्मसीच्या इंडेंटला अडकलेला. ट्रॉलीवरच्या तिसऱ्याची बॅटरी गेली आहे, त्यावर आता मावशी बेडशीट ठेवतात. सकाळचे टीपीआर, बीपी साडेपाचला सुरू करून आम्ही सव्वासहाला संपवतो. मग एंट्री. मी घड्याळ लावून बघितलं, लॉगिनपासून सेव्हपर्यंत एका पेशंटला २ मिनिटं ४० सेकंद. ३२ पेशंट म्हणजे ८५ मिनिटं. म्हणजे एकही बेल वाजली नाही, कोणाचं सलाईन बंद पडलं नाही, सर्व्हर एकदाही झोपला नाही, तरी सात चाळीस होणारच. ओव्हर साडेसातला! आणि तिघी मिळून झटपट करू म्हटलं तर मशीन एकच. कागदावर हेच काम चालता चालता होतं, बेडच्या पायथ्याशी उभं राहून.

मग होतं काय, की सहाला घेतलेलं बीपी साडेसातला चढतं आणि सिस्टीम साडेसातचीच वेळ मारते. वेळ बदलायला गेलं की 'उशिरा नोंद' असा लाल शेरा. ते लाल शेरे मोजून महिन्याला वॉर्डाचा नंबर लावतात. आमचा खालून दुसरा. हे यांचं रिइन्फोर्समेंट!

आता बेड १७. रात्री दोनला आजोबांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर ५८. शुद्धीवर होते म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत बघितली तर ९४. मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सकाळचं इन्सुलिन थांबवा, उपाशीपोटीची शुगर बघून मला कळवा. मी ऑर्डर परत वाचून दाखवली, कागदी चार्टवर वेळ टाकून लिहिली. पण सिस्टीममध्ये ऑर्डर थांबवायची तर डॉक्टरांचंच लॉगिन लागतं. रात्रपाळीचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ, कॅज्युअल्टीत ॲक्सिडेंटच्या पेशंटवर. सिस्टरच्या लॉगिनला डोस 'दिला नाही' असं बटण आहे, पण त्यापुढे कारणं तीनच : पेशंटने नकार दिला, औषध उपलब्ध नाही, पेशंट वॉर्डात नाही. 'डॉक्टरांनी फोनवर थांबवलं' हे कारणच नाही! खोटं कारण टाकायचं नाही म्हणून मी काहीच दाबलं नाही. सकाळी स्क्रीन सांगत होती, १० युनिट द्यायचे बाकी. सकाळची नवीन पोरगी इमानाने इन्सुलिन भरायला निघाली होती. तिला थांबवलं ते माझ्या कागदी चिठ्ठीने, फाईलवर चिकटपट्टीने लावलेल्या. सांगा आता, ती पोरगी यापुढे स्क्रीनवर विश्वास ठेवेल की चिठ्ठीवर?

आणि ज्यांची डिझायर खरंच शून्याच्या आसपास आहे, त्यांचं नाव घ्यायची कोणाची छाती नाही. मोठे डॉक्टर दिवसात तीन हॉस्पिटलं करतात. राऊंडला येतात, तोंडी ऑर्डर सोडतात, 'सिस्टर, टाकून द्या ना', निघाले. त्यांचा पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला आहे, मामांनासुद्धा पाठ. रेकॉर्ड बघाल तर सर थिएटरमध्ये ऑपरेशन करत असताना वॉर्डात पाच ऑर्डर टाईप करत होते. उद्या केस कोर्टात गेली तर या नोंदींचं काय करणार, देव जाणे. त्यांची अडलेली डिझायर आमच्या खांद्यावर येऊन आमची अडलेली ॲबिलिटी होते. पाच पायऱ्या एकेका माणसाच्या असतात, पण वॉर्डात एकाची पायरी दुसऱ्याच्या पाठीवर असते. हे स्लाईडवर नव्हतं.

वर गंमत म्हणजे कागद बंद झालेलाच नाही. इन्शुरन्सवाल्यांना पानं लागतात, संमतीपत्रावर सही-अंगठा कागदावर, म्हणून चार्ट दोन्हीकडे भरायचा. दोन्हीकडे भरायचं म्हटल्यावर दमलेला माणूस कुठला आधी भरणार? जो पेशंटजवळ आहे तो.

बरं, मागणं काय आहे आमचं? चार्ज होणारी एक ट्रॉली. त्या यादीत चौथं कारण. फोनवरची ऑर्डर सिस्टरने टाकायची आणि डॉक्टरांनी नंतर स्वतःच्या बोटांनी मंजूर करायची, एवढी सोय. पहिले पंधरा दिवस नाईटला एक कॉम्प्युटरवाला वॉर्डात. तो सध्या दहा ते सहा असतो आणि सिस्टीम बंद पडते ती पहाटे पाचला. इन्चार्ज सिस्टरने हे दोनदा लिहून दिलंय. उत्तर आलं, 'रिफ्रेशर ट्रेनिंग आयोजित करण्यात येईल.' परत नॉलेज! जे चार आहे त्याचं पाच करणार, आणि एक आहे ते एकच राहणार.

तर आज ऑफ आहे आणि मी झोपायचं सोडून खुलासा लिहितेय. सिस्टीममध्ये टाकू का, म्हणून मेट्रन ऑफिसला फोन करून विचारलं. नाही म्हणाल्या. कागदावर हवा, दोन प्रतींत, निळ्या पेनाने.