ब्याण्णव टक्के नालायक

'आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करून' नकार कळवणारी मेल मला अर्ज पाठवल्यावर ११ मिनिटांत आली. रेझ्युमे जेडीशी, म्हणजे जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनाशी, ९२ टक्के जुळत असताना! आधी आकडा ६१ होता. मग 'विक्रीचे रिपोर्ट करायचो'च्या जागी 'डॅशबोर्ड रिपोर्टिंग' लिहिलं, 'चार खात्यांच्या लोकांच्या विनवण्या करायचो'चं 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट' केलं. काम तेच, विनवण्याही त्याच. आकडा मात्र फुगला.

माझा आतेभाऊ रिक्रूटर आहे. तक्रार त्याच्याकडे नेली. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "ब्याण्णव कुणी दिले?"

"त्या स्कोअरवाल्या वेबसाइटने."

"तिला पैसे कोण देतं?"

"मी."

"आणि पगार कोण देणार होतं?"

"कंपनी."

"मग कंपनीला तुझे ब्याण्णव कोण सांगणार?"

मी गप्प. तो आकडा कंपनीपर्यंत जातच नाही, हे पैसे घेताना कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा स्कोअर असतोही, पण त्याचा हिशोब वेगळा.

"अकरा मिनिटांत माणूस वाचत नाही," तो पुढे म्हणाला. "फॉर्मात प्रश्न होते?"

होते. 'तीस दिवसांत रुजू होऊ शकाल का?' माझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. मी खरं ते 'नाही' लिहिलं.

"तिथेच संपलं. त्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की अर्ज आपोआप बाहेर. रेझ्युमे कुणी उघडलाच नाही."

"आणि हो म्हटलं असतं तर?"

"तर दोन आठवडे काहीच कळलं नसतं," तो अभिमानाने म्हणाला. "आमच्याकडे अर्ज आले की मी वरून वाचायला लागतो. बोलावण्याजोगे आठ-दहा मिळाले की थांबतो. खालचे तसेच पडून. शिवाय एखादा आतल्या माणसाने सुचवलेला असतो, तो आधी. कधी जागाच होल्डवर जाते आणि जाहिरात काढायची राहून जाते."

"आणि ज्यांचं ९० टक्क्यांच्या वर जुळतं ते?"

"अरे, हल्ली सगळ्यांचंच जुळतं. तेच शब्द सगळ्यांनी त्याच जेडीतून उचललेत. मी बघतो काय, तर डॅशबोर्ड केला म्हणतोस, मग कुणी वापरला आणि त्याने काय बदललं? ते एका ओळीत दिसलं पाहिजे."

माझ्या रेझ्युमेत ती ओळ होती. 'महिनाअखेरचा रिपोर्ट तीन दिवसांऐवजी एका दुपारी.' जेडीतला एकही शब्द तिच्यात नाही म्हणून वेबसाइटने ती लाल रंगात दाखवली होती. मी ती काढली, आणि आकडा दोनने वाढला.

काल त्याच वेबसाइटची मेल आली. जादा पैसे भरले तर माझे ब्याण्णवचे सत्त्याण्णव करून देणार आहेत.