भरलेल्या टाकीचा भरवसा किती धरायचा?

«वादळ येणार असेल तर गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवा. पाच टन वजन वारा हलवू शकत नाही. आणि रिकामी असली तरी चार खांबांवर आहे, काही होत नाही.»

या सल्ल्यातलं पाच टनांचं म्हणणं हिशेबाने खरं आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो. १.८ मीटर व्यासाची, २ मीटर उंच, ५००० लिटरची प्लास्टिकची टाकी घ्या. ३ मीटर उंच लोखंडी स्टँड, खांबांत १.५ मीटर अंतर. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याने टाकीवर सुमारे ३४० किलोचा ढकल येतो, तोही तळापासून ४ मीटर उंचीवर. स्टँडवरचा वारा धरून उलथवणारा मोमेंट, म्हणजे ढकल गुणिले उंची, होतो सुमारे १५०० किलोग्रॅम-मीटर. भरलेली टाकी याला ४००० ने अडवते. रिकामी असेल तर टाकी आणि स्टँड मिळून ३५० किलो, म्हणजे जेमतेम २६०. नुसता ठेवलेला रिकामा स्टँड आडवा होणारच.

पण पाणी टिकतं कुठे? २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पंप बंद, वापर चालू. आपल्या टाकीत १६५० लिटरच्या खाली पाणी गेलं की तोल सुटतो, म्हणजे दोन-तृतीयांश टाकी संपल्यावर. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, IS 456 मध्ये, उलथण्याची तपासणी करताना कायम वजनही ०.९ पटच धरायला सांगितलंय, आणि काढता येण्यासारख्या भाराचा आधार मुळीच धरायचा नाही. पाणी त्यातच आलं.

भरलेली टाकी सुरक्षित म्हणणारे दुसऱ्या बाजूच्या खांबाकडे बघत नाहीत. वारा कर्णाच्या दिशेने आला की एकाच खांबावर सुमारे दोन टन येतात. पाय बीमवर नसून नुसत्या स्लॅबवर असेल, किंवा अँगल खालून गंजलेला असेल, तर तो पाय तिथेच दबतो.

रिकाम्या टाकीत हाच कर्णाचा वारा वाऱ्याच्या बाजूच्या खांबाला ६२० किलोने वर ओढतो. फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा काँक्रीटचा ठोकळा भरतो ६५ किलो. म्हणजे कोब्यात रोवलेला पाय त्या ठोकळ्यासकट उचलला जातो. वॉटरप्रूफिंगला भोक नको म्हणून अँकर बोल्ट टाळतात, हे मी वारंवार पाहिलंय. बेसप्लेटची भोकं रिकामी, वर रंग चढवलेला. बोल्ट बीममध्ये किंवा इमारतीच्या कॉलममध्ये उतरले पाहिजेत आणि भोकं नंतर नीट बंद केली पाहिजेत.

स्टँड पक्का करूनही टाकी त्यावर मोकळी असेल तर काम अर्धंच झालं. शंभर किलोच्या रिकाम्या टाकीला ३४० किलोचा ढकल स्टँडवरून सहज खाली टाकतो. टाकीवरून पट्टा घेऊन तो चौकटीलाच बांधा, पाइपाला नाही.