फॉल-पिकोचं काम घरून सुरू करताय? आधी रेटचं गणित मांडा

मुलं मोठी झाल्यावर घरबसल्या काहीतरी सुरू करू म्हणणाऱ्या बायकांना मी फॉल-पिको सुचवते. साधं शिलाई मशीन आणि इस्त्री बऱ्याच घरांत असतेच. पण बहुतेकजणी पहिली चूक शिलाईत करत नाहीत, रेटमध्ये करतात. "दुकानवाला 130 घेतो ना, मग मी 100 घेते, गिऱ्हाईक येईल."

हेच गणित मांडून बघा. समजा साडीला 130 घेतले. फॉल 30 चा, दोरा 4 चा आणि पिको बाहेरून करून आणलं तर त्याचे 25. खर्च 59, हातात 71. आता रेट 100 केला. खर्च तोच, हातात 41. गिऱ्हाइकाला 30 रुपये स्वस्त पडलं, तुमची कमाई मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त घसरली. त्यातून एका साडीला इस्त्री, जुळवणी, हेमिंग, घडी धरून तासभर सहज जातो. साडी घेणं-देणं, पिकोवाल्याकडची फेरी, "झाली का हो?"चे फोन हे त्या तासात धरलेलंच नाही. तुमच्या भागात फॉल-दोऱ्याचे भाव वेगळे असतील, तेवढे आकडे बदला. पण एकदा 100 सांगितले की त्याच बाईला पुढच्या महिन्यात 130 सांगणं फार जड जातं.

मग दुकान सोडून तुमच्याकडे यावं का कुणी? हाताच्या हेमिंगसाठी. घाईत केलेल्या फॉलला वरची कडही मशीनवरच मारतात आणि सुलट बाजूला टाक्यांची ओळ दिसते. तुम्ही काठाकडची कड मशीनवर आणि वरची हाताने, बारीक सुईने घाला. साडीचे दोन-तीनच धागे उचला, म्हणजे टाका बाहेर दिसत नाही. दोरा ओढून घट्ट केला तर साडीला चुण्या पडतात, जॉर्जेटला तर लगेच.

तक्रारी येतात त्या मुख्यतः दोन गोष्टींच्या. पहिली आटण्याची. सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी तेवढीच राहते, आणि काठ आखडून वर उचलला जातो. म्हणून फॉल आधी दोन-तीन तास साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर तो फॉल वापरूच नका, फिकट साडीला तर अजिबात नाही.

दुसरी तक्रार चुकीच्या कडेची. दोन्ही काठ सारखे असले की हमखास गोंधळ होतो. साडी सुलट बाजू वर करून पसरा. खोचायचं टोक डाव्या हाताला, पदर उजव्या हाताला. आता तुमच्याजवळचा काठ म्हणजे खालचा काठ, फॉल त्याच्या उलट बाजूला. खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून सुरुवात करा. नेसणारीचा घेर मोठा असेल तर आणखी थोडं पदराकडे सरका, कारण अडीच मीटरच्या आसपासचा फॉल निऱ्यांखाली यायला हवा. (नऊवारीला सहसा फॉल लावत नाहीत, कुणी ती आणलीच तर आधी दोनदा विचारा.) पदराला गोंडे करायचे असतील तर त्या टोकाला पिको करायचं नाही, हेही साडी घेतानाच विचारून घ्या. गोंड्यांचा रेट वेगळा.

पहिली गिऱ्हाइकं सोसायटीच्या ग्रुपवर शोधतात सगळ्याजणी. तिथून साड्या एकेक करून येतात आणि ओळखीत भाव पाडून मागतात. माझं मत, घरून साड्या विकणाऱ्या बाईकडे आधी जा. तिच्या गिऱ्हाइकाला साडी नेसायला तयार हवी असते आणि तिला हे काम स्वतः करायचं नसतं. जाताना स्वतःच्याच तीन जुन्या साड्यांना फॉल लावून न्या: एक सुती, एक सिल्क, एक जॉर्जेट. फुकट काम करून देण्यापेक्षा हा नमुना बरा. ती एकदम आठ साड्या देत असेल तर 10-15 रुपये कमी करायला हरकत नाही, कारण फेरी एकच होते आणि फॉलही घाऊक भावाने घेता येतो. पण ती सवलत आठ साड्यांची आहे हे तिथेच सांगा, नाहीतर पुढच्या वेळी दोन साड्या त्याच भावात येतील. आणि पैसे साड्या नेताना, महिनाअखेरीला नाही.

साडी हातात आली की उघडून बघा. डाग, सुटलेला धागा, छोटं भोक काहीही दिसलं तर साडी देणारीसमोरच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा, सेफ्टीपिन सिल्कला लावू नका.

पिको मशीन पहिल्या महिन्यात घेऊ नका. समजा ते 12 हजारांना पडलं, तर साडीमागे वाचणाऱ्या 25 रुपयांनी ते वसूल व्हायला 480 साड्या लागतील. महिन्याला 40 साड्या येत असतील तर वर्ष. 15 येत असतील तर पिकोवाल्याकडेच जा, फक्त रोज नको, साड्या साठवून आठवड्यातून दोनदा. गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत त्याच्याकडेही रांग असते, तेव्हा गिऱ्हाइकाला तारीख देण्याआधी त्याला विचारा.