किराणा विभाग तोट्यात दिसतो तेव्हा आधी वाटणी तपासा

> “दुकानातला कुठला विभाग कमावतो हे कळायला फार डोकं लावायची गरज नाही. भाडं, वीज, जो काही सामाईक खर्च असेल तो विक्रीच्या प्रमाणात वाटा. जो जास्त विकतो त्याने जास्त सोसायचं, हाच न्याय. एवढं करून जो विभाग तोट्यात दिसेल तो बंद करा, तेवढा नफा वाढलाच समजा.”
> — व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा संदेश

घरमालक भाडं ठरवताना जागा मोजतो आणि ती रस्त्याला लागून आहे की जिन्यावरून वर जायचं आहे ते बघतो. तुमचा गल्ला किती भरतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मॉलमधल्या काही करारांत भाड्याचा एक भाग विक्रीवर टक्केवारीने असतो. तिथे तेवढा भाग जरूर विक्रीवर वाटावा. बाकी ठिकाणी खर्च ज्या कारणाने होतो, वाटणीही त्याच मापाने व्हायला हवी.

तालुक्याच्या गावातलं दुमजली दुकान धरू. खाली ९०० चौरस फुटांत किराणा, शेजारी ६०० फुटांत भांडी आणि वर १,००० फुटांत कपडे. जिना आणि बिलिंगचं काउंटर यातून वगळलंय. महिन्याची विक्री किराणा १२ लाख, कपडे ६ लाख, भांडी २ लाख. ढोबळ नफा अनुक्रमे १,२०,०००, १,८०,००० आणि ४४,०००. विभागातल्या माणसांचे पगार ४०,०००, ४८,००० आणि १२,०००. हे ज्याचे त्याचे असल्याने त्यांच्या वाटणीचा प्रश्न नाही. वाटायचे आहेत भाड्याचे १,००,००० आणि विजेचे ४०,०००.

संदेशाप्रमाणे ६०:३०:१० वाटलं तर किराण्यावर भाडं ६०,००० आणि वीज २४,००० पडते, आणि किराणा ४,००० तोट्यात जातो. कपडे ९०,००० आणि भांडी १८,००० कमावतात. किराण्यात विक्री मोठी आणि मार्जिन बारीक असतं, त्यामुळे विक्रीवर वाटणी केली की पहिला बळी त्याचाच जातो.

आता भाडं जागेवर वाटू, पण इथेही एक चूक सर्रास होते. सगळे फूट सारखे धरले तर वरच्या कपड्यांवर ४०,००० पडतात, आणि वरच्या मजल्याला तेवढं भाडं कोण देतो? त्याच रस्त्यावर तळमजला आणि पहिला मजला वेगवेगळे भाड्याने घेतले तर काय दर पडतो हे दोन-तीन ठिकाणी विचारावं. समजा खाली ५० रुपये फूट आणि वर २५ रुपये निघाला. मग किराण्याचं भाडं ४५,०००, भांड्यांचं ३०,००० आणि कपड्यांचं २५,०००. बेरीज बरोबर एक लाख येते. ती तशी आली नाही तर दर बाजूला ठेवून त्यांचं प्रमाण तेवढं वापरायचं. मागच्या गोदामात किराण्याचीच पोती असतील तर ते गोदाम किराण्याच्या फुटांत धरायचं. हे बहुतेक जण विसरतात.

विजेचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. वीज दिव्यांच्या पॉइंटवर वाटा, असं कॉमर्सच्या वर्गात शिकवतात. खर्च फक्त दिव्यांचा असेल तर ते ठीक आहे. आपल्या दुकानात कपड्यांत ४० पॉइंट, किराण्यात २० आणि भांड्यांत २० आहेत. पॉइंट मोजले तर भांड्यांवर १०,००० बसतात, म्हणजे भांडीवाला किराण्याच्या फ्रीझरचं बिल भरतो.

त्यापेक्षा यंत्रागणिक युनिट काढावेत. कपड्यांत तीन एसी आहेत. प्रत्येक तासाला साधारण १.२ युनिट खातो, रोज १० तास आणि महिन्याला २६ दिवस चालतो. हे ९३६ युनिट झाले. १५ वॅटच्या ४० दिव्यांचे १५६ धरून १,०९२. किराण्यातले तीन डीप फ्रीझर आणि दोन काचेचे कूलर दुकानाच्या सुट्टीलाही बंद होत नाहीत, म्हणून त्यांना २४ तास आणि ३० दिवस धरायचे. फ्रीझर रोज ६ युनिटने ५४०, कूलर रोज ५ युनिटने ३००, दिवे-पंखे १०४, एकूण ९४४. भांड्यांत नुसते दिवे-पंखे, १५६ युनिट. सगळे मिळून २,१९२ होतात आणि बिलावर आहेत २,५००. उरलेले ३०८ युनिट जिना, पाटी, काउंटर आणि पंपाचे. ते आणि बिलातला स्थिर आकार याच प्रमाणात पसरले की कपडे २०,०००, किराणा १७,२०० आणि भांडी २,८०० असं बसतं.

हा अंदाज आहे. यंत्रांची बेरीज बिलापेक्षा जास्त आली किंवा फरक फारच मोठा पडला तर तास चुकलेत किंवा एखादं यंत्र मोजायचं राहिलंय, असं समजावं. फ्रीझरच्या लाइनवर एक सब-मीटर बसवला तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

नव्या वाटणीत किराण्याचा नफा १७,८०० येतो, कपड्यांचा ८७,००० आणि भांडी ८०० तोट्यात जातात. दुकानाचा एकूण नफा दोन्ही वेळा १,०४,००० च आहे, फक्त तोट्याचा शिक्का किराण्यावरून भांड्यांवर गेला.

“हाच न्याय” म्हणणाऱ्यांनी जून महिना बघावा. गणवेशांमुळे कपड्यांची विक्री ६ लाखांवरून १० लाखांवर गेली, किराणा आणि भांडी होती तिथेच राहिली. एकूण विक्री २४ लाख झाली आणि किराण्याचा वाटा ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला. बिल तेवढंच धरलं तर किराण्यावरचा भाड्याचा बोजा १०,००० आणि विजेचा ४,००० कमी झाला. उणे ४,००० चे अधिक १०,००० झाले, आणि किराण्यातल्या माणसाने एक पोतंही जास्त विकलेलं नाही. शेजारच्या विभागाच्या विक्रीने तुमचा नफा हलत असेल तर वाटणीचं माप चुकलंय. विभागप्रमुखाला या आकड्यावर बक्षिसी दिली जात असेल तर भांडणं ठरलेलीच.

अर्थात विक्रीचं माप टाकाऊ नाही. पिशव्या, पॅकिंग, विक्रीवरचं कमिशन, ग्राहकाला दिलेली सूट, बुडालेली उधारी हे विक्रीसोबतच हलतात, ते विक्रीवरच वाटावेत. उलट धंद्याच्या कर्जाचं व्याज कुठल्याच मापाने नीट बसत नाही. ते विभागांवर न लादता एकूण नफ्या-तोट्याच्या खात्यात टाकावं.

राहिला विभाग बंद करण्याचा सल्ला. त्यांच्या हिशेबाने किराणा बंद केला की ४,००० वाचतात. प्रत्यक्षात १,२०,००० चा ढोबळ नफा जातो आणि वाचतात फक्त ४०,००० पगार आणि फार तर १७,२०० ची वीज. तीही पूर्ण वाचत नाही, कारण पंप आणि पाटी चालूच राहतात. भाडं तर एक रुपयाने कमी होत नाही, ते उरलेल्या दोन विभागांवर येऊन पडतं. म्हणजे ६२,८०० चा फटका, आणि नफा १,०४,००० वरून ४१,२०० वर. महिन्याचं सामान भरायला आलेली बाई वर जाऊन मुलाचा शर्ट घेते, ती विक्रीही जाते. तिचा आकडा आपण धरलेलाच नाही.

भांड्यांनाही हेच लागू आहे. कागदावर ८०० चा तोटा दिसतो, पण पगार आणि वीज वजा करून तो विभाग भाड्याला २९,२०० चा हातभार लावतो. त्या ६०० फुटांसाठी कुणी महिना ३५,००० द्यायला तयार झालं, तर मात्र भांडी हलवायचा विचार करावा. तेव्हाही आधी भाडेकरारात पोटभाडेकरू ठेवायची मुभा आहे का ते पाहावं, आणि भांड्यांत अडकलेला माल काय किमतीला निघेल त्याचा अंदाज घ्यावा.