केकमधली रम खरंच उडून जाते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "रम घातलेल्या केकमध्ये अल्कोहोल उरतं असं लिहून तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, ओव्हन १६० अंशावर असतो. तासाभरात एक थेंबही राहणं शक्य नाही. पदार्थावर ब्रँडी ओतून पेटवतात, त्या फ्लॅम्बेत तर ते डोळ्यांसमोर जळून जातं. माझी आई चाळीस वर्षं नाताळचा केक करतेय, आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून खाल्लाय. कुणाला काही झालं नाही."

नमस्कार ताई,

७८ अंश हा आकडा बरोबर आहे, पण तो निव्वळ अल्कोहोलचा. केकच्या मिश्रणात ते निव्वळ नसतं. रम ओतली की ती अंडी, लोणी, फळं यांच्यातल्या पाण्यात मिसळते, आणि एकदा मिसळल्यावर आधी अल्कोहोल सगळं निघून गेलं आणि मग पाण्याचा नंबर लागला, असं होत नाही. दोन्ही बरोबरच निघतात. नुसत्या पाण्यात ५ टक्के अल्कोहोल असेल तर ते मिश्रण उकळायला ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. वाफेत अल्कोहोलचं प्रमाण पातेल्यातल्यापेक्षा जास्त असतं, म्हणून सुरुवातीला ते झपाट्याने कमी होतं. पण जसजसं कमी होत जातं, तसतशी वाफही पाण्याचीच जास्त होत जाते. शेवटचा अंश काढायचा तर पदार्थातलं बहुतेक पाणीच आटवावं लागेल, आणि तसा केक कुणी खाणार नाही.

ओव्हनच्या १६० अंशांचंही तेच. ते तापमान ओव्हनमधल्या हवेचं. केकच्या मधोमध थर्मामीटर खुपसून पाहा. केक पूर्ण भाजला तेव्हाही तो ९५ ते ९८ दाखवतो. मधला गोळा बराच वेळ त्याहून थंड असतो आणि वरून साल धरलेली असते. त्यात मनुके, बेदाणे, टूटीफ्रूटी रम पिऊन टम्म फुगलेले. त्यांच्या पोटातलं अल्कोहोल सहजासहजी बाहेर येत नाही. भाजताना वीसेक मिनिटांनी स्वयंपाकघरात रमचा जो उग्र वास दरवळतो, तो उडून चाललेल्या अल्कोहोलचा असतो हे खरं. पण नंतर तो वास मंदावतो तो संपलं म्हणून नाही, वेग कमी झाला म्हणून.

हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत १९९२ साली संशोधकांनी वाइन, ब्रँडी वगैरे घातलेले सहा पदार्थ प्रत्यक्ष शिजवले आणि किती अल्कोहोल उरतं ते तपासलं. अडीच तास मंद आचेवर शिजवलेल्या मांसातसुद्धा ४ ते ६ टक्के उरलं होतं. उकळत्या सॉसमध्ये घालून लगेच गॅस बंद केला, तर सुमारे ८५ टक्के. तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यात मिश्रणात ढवळून घातलेल्या अल्कोहोलसाठी अर्ध्या तासाला ३५ टक्के आणि एक तासाला २५ टक्के हे आकडे दिलेले आहेत.

आणि ज्या फ्लॅम्बेबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश अल्कोहोल तसंच राहिलं. मला स्वतःला हा आकडा सगळ्यात अनपेक्षित वाटला होता. पण वाइनच्या ग्लासला पेटती काडी लावून पाहा, ती पेटत नाही, तरी तिच्यात १२ टक्के अल्कोहोल असतंच. ज्वाळा टिकायला वरच्या वाफेत पुरेसं अल्कोहोल लागतं. ब्रँडी सॉसमध्ये मिसळून पातळ झाली की ज्वाळा विझते, आणि आपण समजतो की सगळं जळून गेलं.

आता माझ्या एक किलोच्या केकचा हिशोब मांडते. त्या सहा पदार्थांत असा केक नव्हता, म्हणून एक तासाचा २५ टक्के हा आकडा अंदाजासाठी धरते. सुकामेवा भिजवायला मी १२० मिली रम घेते. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ५१ मिली अल्कोहोल, वजनाने ४० ग्रॅम. (बरणी महिनाभर घट्ट बंद ठेवली तरी यातलं काही कमी होत नाही; "मुरली की उतरते" हा समज चुकीचा आहे.) तासभर भाजल्यावर चौथा हिस्सा, म्हणजे १० ग्रॅम उरलं. केकचे वीस तुकडे केले तर प्रत्येकात अर्धा ग्रॅम. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं, म्हणजे तुकड्यात त्याचा विसावा भाग. तुम्हाला लहानपणी काही जाणवलं नाही ते यामुळे. अर्ध्या ग्रॅमने काही जाणवत नाहीच. पण जाणवलं नाही म्हणजे नव्हतं, असं नाही.

खरी गोम पुढे आहे. भाजलेल्या केकला काडीने भोकं पाडून आपण वरून रम पाजतो, आठवड्यातून एकदा दोन चमचे. मी तीनदा ३०-३० मिली घालते. ही ९० मिली रम आच बघतच नाही. तिच्यातलं ३० ग्रॅम अल्कोहोल केक फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवल्यावर बहुतांश तिथेच राहतं. एका तुकड्यात आता अर्ध्याऐवजी दीड-दोन ग्रॅम झालं, म्हणजे पाच तुकड्यांत जवळपास एक पेग. भट्टीतल्या रमवर आपण वाद घालतो आणि या रमचा विचारही करत नाही.

हे सगळं मी लिहिलं त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ऑर्डर घेताना मीही बिनधास्त सांगायची, "काळजी करू नका, सगळं उडून जातं." एका डिसेंबरमध्ये केक पोचवल्यावर तासाभरात एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांची दारू सुटून चार महिने झाले होते आणि डायसल्फिरामची गोळी चालू होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की खाण्यातूनही अल्कोहोल पोटात जाता कामा नये; गोळी चालू असताना थोड्याशानेही चेहरा लाल होणं, छातीत धडधडणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो. केक अजून कापला नव्हता. त्या केकला मी तीनदा रम पाजलेली होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, केक परत आणला, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

ज्यांना चालतं त्यांनी खुशाल खावा, मीही आवडीने खाते. पण अशी गोळी घेणारे, दारू सोडलेले, किंवा धर्माने वा व्रताने वर्ज्य असलेले लोक "उडून गेलंय" या आपल्या शब्दावर विश्वास ठेवून खातात. त्यांच्यासाठी मी फळं संत्र्याच्या रसात आणि कडक कोऱ्या चहात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवते. तो केक महिनाभर टिकत नाही, चार-पाच दिवसांत संपवावा लागतो. चवीला रमची खोली येत नाही, पण चहाच्या तुरटपणाने गोडावर चांगला तोल येतो. भांडी आणि ब्रशही त्यासाठी वेगळे ठेवते.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या आई केक भाजून झाल्यावर वरून रम घालतात का, आणि किती वेळा? तेवढं कळवलंत तर तुमच्या घरच्या केकचा हिशोबही करून देते.