‘कामाच्या गडबडीत डोस उशिरा दिला गेला’

आज पुन्हा हेच वाक्य वाचलं. इन्सिडेंट रिपोर्ट म्हणून अख्ख्या पानावर एवढंच, खाली सही. वाचून डोकं तापलं. यातून कुणाला काय कळणार आहे?

पार्किन्सनचे आजोबा. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. दुपारची मिळाली ३:४० ला. हे औषध अर्ध्या तासापेक्षा जास्त मागेपुढे झालेलं चालत नाही. अंग आखडतं, गिळणं अवघड होतं, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

खरं तर त्या सिस्टरने काम चोख केलं होतं! ३:२५ ला सून म्हणाली, बाबांचे हात ताठ झालेत. सिस्टरने चार्ट पाहिला, २ चा रकाना रिकामा. पण रकाना रिकामा म्हणजे गोळी दिलीच नाही असं नसतं. सही राहिलेली असू शकते, मग डोस दुप्पट जातो. म्हणून तिने डब्यातल्या गोळ्या मोजल्या, सकाळच्या सिस्टरला फोन करून खात्री केली. बीपी, नाडी पाहिली. ३:३५ ला ड्युटीवरच्या डॉक्टरांना, आरएमओंना कळवलं. ते म्हणाले, गिळता येत असेल तर आत्ता एकच गोळी द्या, रात्री ८ ची वेळेवरच. तिने ऑर्डर परत वाचून दाखवली, आजोबांना ताठ बसवून आधी चमचाभर पाणी गिळवलं, मग गोळी दिली. चार्टवर ३:४० लिहिलं. २ नाही!

यातलं एक अक्षर रिपोर्टमध्ये नाही. ‘डॉक्टरांना कळवले’ एवढंसुद्धा नाही. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, त्यांनी काय सांगितलं आणि तासाभराने पेशंट कसा होता, हे सगळं लिहायला हवं.

हो, स्टाफ कमी आहे, नाकारत नाही. पण मग तेही आकड्यात लिहा: १८ पेशंट, एक सिस्टर, १:५० ला नवीन अ‍ॅडमिशन. ‘गडबड’ लिहिलं की दोष त्या मुलीच्या गळ्यात पडतो.

तिच्यावर राग नाही माझा. मेमोच्या भीतीने मुली कमीत कमी लिहितात. ती भीती आपण सीनियर लोकांनीच घातली आहे.

वेळा नीट मांडल्या असत्या तर कारण लगेच दिसलं असतं. २ म्हणजे ड्युटी बदलण्याची वेळ. सकाळची म्हणते दुपारची देईल, दुपारचीला वाटतं देऊन झाली असेल. आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती सोपवणं, चालते २:२० पर्यंत. डॉक्टरांना विचारून ही गोळी १ वाजता घेता येते का पाहायचं, त्यानुसार बाकीच्या वेळा बसवायच्या. नाहीच जमलं तर ओव्हर सुरू होण्याआधी सकाळच्या सिस्टरनेच ती देऊन सही करायची. ‘गडबड’ वाचून हे कुणाच्या लक्षात येणार होतं?

उद्या तिच्याशेजारी बसून रिपोर्ट पुन्हा लिहून घेणार आहे. आधीचा फाडायचा नाही, त्यालाच जोडायचा, तारीख-वेळ घालून.