‘कंस झाका, अक्षर काढा’ ही ट्रिक कुठपर्यंत चालते

> “पार्शल फ्रॅक्शनमध्ये अक्षरं मोजत बसू नका. छेदात जेवढे कंस तेवढीच अक्षरं. एकेक कंस बोटाने झाका, x ची किंमत टाका, अक्षर मिळालं. समीकरणं सोडवायची गरजच नाही. कंसावर वर्ग असो की कंसात x² असो, ट्रिक तीच. शेवटी (x−1) दिसला की log, x² दिसला की tan⁻¹. बारावीच्या मुलांना पाठवा.”

पाठवलं, आणि पोचलंही. सोमवारी नौपाड्यातल्या माझ्या संध्याकाळच्या बॅचमध्ये चार वह्यांत हीच पद्धत उतरलेली होती. यातलं एक वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून बाकीची चुकीची वाक्यं खपून जातात. एकच गणित घेते आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच बोलते.

```
(6x² + 4x + 5) / ((x−1)² (x²+4))
```

आधी अक्षरांचा हिशेब. छेद चौथ्या घाताचा आहे. अशा छेदावर तिसऱ्या घातापर्यंतचा कुठलाही अंश येऊ शकतो, म्हणजे चार सहगुणक मोकळे. कंस मात्र दोन, म्हणून अक्षरंही दोनच घ्यायची, असं ठरवलं तर दोन तिकिटांवर चौघांनी लोकलमध्ये चढल्यासारखं होतं. एखाद्या दिवशी टीसी भेटत नाही, इतकंच.

मग चार अक्षरं बसवायची कुठे? (x−1)² हा छेद दुसऱ्या घाताचा, तेव्हा त्याच्यावर पहिल्या घातापर्यंतचा अंश हवा: px+q. पण px+q म्हणजेच p(x−1)+(p+q). म्हणून त्या तुकड्याचे सरळ दोन तुकडे पडतात, एक (x−1) खाली आणि एक (x−1)² खाली. वर्ग असलेल्या कंसासाठी दोन पदं का लिहायची, हे पाठ करायला सांगतात. कारण एवढंच आहे. x²+4 सुद्धा दुसऱ्या घाताचाच, त्याच्यावरही पहिल्या घाताचा अंश हवा, फक्त तो आणखी फुटत नाही, म्हणून Cx+D तसाच ठेवायचा.

```
A/(x−1) + B/(x−1)² + (Cx+D)/(x²+4)
```

आता वहीत काय झालं ते सांगते, कारण चूक कशी लपते ते तिथे दिसलं. एका मुलीने A/(x−1)² + B/(x²+4) असं मांडलं होतं. (x−1)² झाकला, x=1 टाकला, 15/5, म्हणून A=3. x²+4 शून्य करणारा x काही सापडेना, तर तिने x=0 टाकला. डावीकडे 5/4, उजवीकडे 3 + B/4, म्हणून B=−7. उत्तर तयार, चौकट आखलेली.

“मॅडम, आलं की!”

“आलं ना? मग आता शून्याऐवजी 2 टाकून बघ.”

डावीकडे 37/8, उजवीकडे 3 + B/8. B आला 13. ती वही माझ्याकडे फिरवून गप्प बसली. एकच अक्षर, एकदा −7 आणि एकदा 13. आकडेमोडीत काहीही चूक नव्हती. मांडणीच अशी होती की त्यात B नावाचा आकडाच नाही. अक्षरं कमी पडली आहेत का, हे ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही: एक जास्तीची किंमत टाकून बघायची.

तिने पहिल्याच B वर थांबून इंटिग्रेशन केलं होतं, −3/(x−1) − (7/2)tan⁻¹(x/2). दिसायला अगदी पुस्तकातल्यासारखं. यातून 2 ते 3 पर्यंतचं क्षेत्रफळ काढलं तर साधारण 0.81 येतं. पण मूळ फलन 2 पाशी 4.625 आहे, 3 पाशी सुमारे 1.37, आणि मध्ये सतत उतरतं. एक एकक रुंदीच्या पट्टीत सगळीकडे उंची किमान 1.36, आणि क्षेत्रफळ 0.81? खरं उत्तर सुमारे 2.5 आहे.

आता त्या बऱ्यापैकी खऱ्या वाक्याकडे. कंस झाकण्याची रीत ऑलिव्हर हेविसाइडच्या नावाने ओळखली जाते आणि सगळे कंस पहिल्या घाताचे, वेगवेगळे असतील तर ती बिनचूक चालते. मी स्वतः तीच वापरते. वर्ग असलेल्या कंसातही ती एक अक्षर देतेच, सर्वांत मोठ्या घाताखालचं. आपल्या गणितात B=3. अडतं ते A पाशी. (x−1) एकदाच झाकला तर दुसरा (x−1) खाली उघडाच राहतो आणि x=1 टाकताच भागाकार शून्याने होतो. पूर्ण वर्ग झाकला तर B मिळतो, A नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या ठिकाणी काय करायचं ते सांगितलेलंच नाही.

मी असं सांगते: जे मिळालं ते वजा करून टाका.

```
6x² + 4x + 5 − 3(x²+4) = 3x² + 4x − 7
                       = (x−1)(3x+7)
```

अंशात (x−1) आपोआप बाहेर पडला. हा योगायोग नाही. B बरोबर असेल तर उरलेला अंश x=1 ला शून्य होणारच, कारण B आपण तसाच काढला होता. आता वरखाली एक (x−1) काटला की उरतं (3x+7)/((x−1)(x²+4)), आणि इथे कंस एकच, साधा. झाका आता खुशाल: 10/5, म्हणून A=2. पुन्हा वजा करा.

```
3x + 7 − 2(x²+4) = −2x² + 3x − 1
                 = (x−1)(−2x+1)
```

परत (x−1) काटला, आणि x²+4 वर −2x+1 आपसूक उरला. C=−2, D=1. चार अक्षरं, समीकरण एकही नाही. म्हणजे समीकरणं टाळायची असतील तर टाळता येतात, हे कबूल. पण एका झाकणीत नाही, कांदा सोलावा तसं एकेक पापुद्रा काढत. या रीतीत तपासणी आतच बसलेली आहे. वजाबाकीनंतर (x−1) बाहेर पडला नाही, तर मागच्या ओळीत चूक आहे, पुढे जाऊच नका.

कुणाला समीकरणंच बरी वाटत असतील तर तीही काही राक्षस नाहीत. B हातात आल्यावर x³ चे सहगुणक ताडले की A+C=0, एका ओळीत. पूर्ण चार समीकरणं चार अज्ञातांची मांडून बसणं हा दुसऱ्या टोकाचा हट्ट झाला, आणि तोही मी पुष्कळ वह्यांत पाहते.

x²+4 झाकता येतच नाही असंही नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं x=2i टाकू शकतात. अंश होतो −19+8i, (x−1)² होतो −3−4i, भागाकार 1−4i. तो C·2i+D च्या बरोबर ठेवला की वास्तव भागातून D=1 आणि काल्पनिक भागातून C=−2, एका फटक्यात दोन्ही. सुंदर आहे, पण −3−4i ने भागताना चिन्ह चुकणारी मुलं मी इतकी पाहिलीत की परीक्षेत सोलण्याची रीत मला जास्त भरवशाची वाटते.

राहिलं शेवटचं वाक्य, log आणि tan⁻¹ चं. ते या गणितात दोन्ही बाजूंनी खोटं पडतं. (x−1)² खालच्या 3 मधून log येत नाही, −3/(x−1) येतं. आणि x²+4 खालून नुसता tan⁻¹ येत नाही: −2x हा बरोबर x²+4 च्या डेरिव्हेटिव्हचा ऋण, त्यातून −log येतो, आणि उरलेल्या 1 मधून tan⁻¹.

```
2 ln|x−1| − 3/(x−1) − ln(x²+4) + (1/2) tan⁻¹(x/2) + c
```

खाली x²+4 ऐवजी x²+2x+5 असता तर? तेव्हा आधी अंशातून 2x+2 वेगळा काढायचा: −2x+1 = −(2x+2)+3. पहिल्या भागाचा −ln(x²+2x+5), आणि 3 साठी छेद (x+1)²+4 असा लिहून (3/2)tan⁻¹((x+1)/2). क्रम उलटा केला, आधी वर्ग पूर्ण करून मग x चं काय करायचं म्हणून डोकं खाजवत बसलं, की पाच मिनिटं गेलीच.

शिवाय ‘x² दिसला’ ही खूणच कच्ची. x²+x−1 मध्ये x² दिसतो, पण त्याचा विवेचक 5, म्हणजे धन. तो करणी मुळांनी फुटतो आणि त्यातून दोन log येतात, tan⁻¹ अजिबात नाही. पूर्णांकात अवयव पडले नाहीत म्हणजे अवयवच नाहीत, असं समजायचं नाही. विवेचक ऋण आला तरच Cx+D. या बाबतीत आपल्या मुलांना फार बोलताही येत नाही, कारण x⁴+a⁴ चे वास्तव अवयव पडत नाहीत असं 1702 मध्ये लायबनिझनेच लिहिलं होतं. पडतात: x²+√2ax+a² आणि x²−√2ax+a².

अंशाचा घात छेदाएवढा किंवा मोठा असेल तर आधी भागाकार, हे फॉरवर्डमध्ये आलंच नाही, म्हणून इथेही एवढंच.

त्या मुलीने नवीन मांडणीत पुन्हा x=0 टाकला. −2 + 3 + 1/4, म्हणजे 5/4. डावीकडेही 5/4. मी फळा पुसायला वळले तोवर तिने मी न सांगता 2 सुद्धा टाकून पाहिला होता: 2 + 3 − 3/8.

“सदतीस अष्टमांश, मॅडम.”